‘मागून धडक दिली’ एवढ्यावर जबाब संपवू नका

प्रश्न: चार दिवसांपूर्वी सकाळी सव्वासहाला सायकलवरून चौकातून सरळ जात होतो, शेजारची कार डावीकडे वळली आणि मला उडवलं. डाव्या खांद्याचं कॉलरबोन मोडलं, कालच डिस्चार्ज मिळाला. गाडीवाल्यानेच दवाखान्यात नेलं, पण आता म्हणतो, ‘तूच डावीकडून घुसलास.’ परवा पोलीस चौकीत जबाबाला बोलावलंय. मी लिहिलंय: ‘सरळ जात असताना भरधाव कारने मागून येऊन मला जोरदार धडक दिली.’ एवढं पुरे का? सायकल दुरुस्तीला टाकलीय.

उत्तर:

पुरे नाही. आणि त्यातले दोन शब्द, ‘भरधाव’ आणि ‘मागून’, तुमच्याच विरोधात जाऊ शकतात. मी पुण्यात मोटार अपघात दाव्यांची वकिली करतो. जखमी माणसाचा पोलिसांपुढचा पहिला कागद चुकला की पुढे दोन-तीन वर्षं आम्ही तो निस्तरत बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘गाडीने मला धडक दिली की नाही’ हा तुमच्या प्रकरणातला वाद नाहीच. गाडीवाला ते नाकारत नाही, त्यानेच तुम्हाला दवाखान्यात नेलंय. वाद एवढाच आहे की गाडी वळायला लागली तेव्हा तुम्ही आधीपासून तिच्या डावीकडे सरळ चालला होतात, की ती वळत असताना तुम्ही मागून येऊन तिच्या आणि कडेच्या मधल्या फटीत शिरलात. पहिलं असेल तर चूक त्याची. दुसरं असेल तर निदान काही वाटा तुमच्याकडे येतो. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी आणि सरळ जाणारी सायकल यांच्या अपघातात हा प्रश्न नेहमीच निघतो, आणि तो सुटतो धडकेच्या आधीच्या पाचेक सेकंदांत. तुमच्या ओळीत नेमकी ती पाच सेकंदं नाहीत.

माझ्या एका अशिलाचं सांगतो. बँकेत नोकरी, रोज सायकलने जाणारा माणूस, अपघात अगदी तुमच्यासारखाच. दवाखान्यात पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तो म्हणाला, ‘मागून येणाऱ्या कारने मला जोरात धडक दिली.’ त्याच्या मनात खोटं काही नव्हतं. गाडी मागून आली होती हे खरंच होतं. पण घटनास्थळ पंचनाम्यात सायकलचं मागचं चाक शाबूत निघालं, पुढचं चाक वाकलेलं आणि हँडलचं उजवं टोक घासलेलं. कारचा पुढचा बंपर स्वच्छ, ओरखडा होता तो डाव्या बाजूच्या पुढच्या दरवाजावर. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात एकच प्रश्न विचारला: मागून धडक बसली तर मागचं चाक सरळ कसं? पुढचा युक्तिवाद तयारच होता, की सायकलस्वारच कारच्या बाजूला जाऊन आदळला. आम्ही नंतर खुलासा केला, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने बराचसा मानलाही, पण नुकसानभरपाईतला पाचवा हिस्सा सायकलस्वाराची चूक म्हणून कापला गेला. त्याने पहिल्याच दिवशी ‘कार मागून आली, माझ्या उजव्या बाजूने पुढे जाऊ लागली आणि पूर्ण पुढे जायच्या आत डावीकडे वळली’ असं सांगितलं असतं, तर तो ओरखडा त्याच्याच बाजूने बोलला असता.

आता ‘भरधाव’. तुम्ही हा शब्द लिहिला नाहीत तरी चौकीत तो लिहिला जाईल. ‘आपल्या ताब्यातील कार हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून’ हे वाक्य अंमलदारांच्या हातात बसलेलं असतं, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 मध्ये हयगय आणि अविचार हाच गुन्ह्याचा गाभा आहे. त्या वाक्यावरून चौकीत भांडू नका, पण ते एकटं उभं राहू देऊ नका. नुसतं ‘हाय स्पीड’ म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या निकालात सांगितलंय. तुमच्या बाबतीत तर धोका आणखी आहे. डावीकडे वळणारी गाडी सहसा वेग कमी करूनच वळते. उद्या कॅमेऱ्यात ती वीसच्या वेगाने वळताना दिसली, तर ‘भरधाव’ हा शब्द खोटा ठरतो आणि त्याच्यासोबत बाकीच्या जबाबावरही शंका येते. गाडीवाल्याची चूक वेगाची नसावीच बहुधा. सरळ चाललेल्या सायकलला पूर्ण ओलांडायच्या आत तो तिच्या वाटेत वळला, ही त्याची चूक आहे. तेच लिहा. वेगाबद्दल लिहायचंच असेल, तर ‘माझ्यापेक्षा जास्त वेगाने शेजारून आली’ एवढं खरं आहे आणि तेवढं बस होतं. किलोमीटरमधला आकडा देऊ नका.

लिहायला बसण्याआधी एक करा. चौकात कोणाला तरी पाठवा, जमत असेल तर स्वतः जा, आणि तुम्ही आलात त्या दिशेने मागे चालत न हलणाऱ्या खुणा शोधा: बसथांबा, विजेचा खांब, एखादं झाड, दुकानाचा कोपरा. सायकल साधारण ताशी 18 किलोमीटरने चालली असेल तर ती सेकंदाला पाच मीटर जाते. म्हणजे धडकेआधीची पाच सेकंदं हे पंचवीसेक मीटरचं अंतर आहे. वळणाच्या तोंडापासून तेवढं मागे या. तिथे असताना गाडी कुठे होती, हा तुमच्या जबाबातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ‘पाच सेकंद आधी’ असं सांगितलं की वकील विचारतो, घड्याळ बघत होतात का? ‘बसथांब्याजवळ असताना’ असं सांगितलं की तो प्रश्नच उरत नाही, आणि पंचनाम्याच्या नकाशावर ते मोजताही येतं.

मग लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: जे डोळ्यांनी पाहिलं, जे कळलं किंवा जाणवलं, आणि जे नंतर कोणी सांगितलं. गाडीचा नंबर तुम्ही स्वतः वाचला की कोणी फोटो काढून दिला? इंडिकेटरचंच घ्या. ‘त्याने इंडिकेटर दिला नव्हता’ आणि ‘मला इंडिकेटर दिसला नाही’ यांत फार फरक आहे. गाडी तुमच्या बरोबरीने चालली होती तेव्हा तिचा मागचा दिवा तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं, तो लागलेलाही असू शकतो. जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिहा. आणि गाडी धडकेपूर्वी तुम्ही पाहिलीच नसेल, तर तेही लिहा. ‘मला फक्त उजवीकडून आवाज जवळ आल्याचं कळलं आणि पुढच्या क्षणी हँडलला काहीतरी लागलं’ हा जबाब अपुरा असला तरी खरा आहे. त्यात कल्पनेने गाडी घुसवलीत की पहिल्याच आडव्या प्रश्नाला तो कोसळतो. डोक्याला मार लागून मधलं काही आठवत नसेल, तर कुठपर्यंत आठवतं आणि पुन्हा कुठून आठवतं ते लिहा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. सिग्नल चालू होता का? पहाटे बऱ्याच चौकांत तो नुसता पिवळा लुकलुकत असतो. तसं असेल तर ‘सिग्नल हिरवा होता’ असं सवयीने लिहून बसू नका. उजाडलं होतं का, तुमच्या सायकलला दिवा होता का, कानात काही होतं का? हे विचारलं जाणार आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: गाड्या सिग्नलला थांबल्या होत्या आणि तुम्ही डावीकडून पुढे सरकत होतात, असं तर नव्हतं ना? तसं असेल तर प्रकरण वेगळं आहे, आणि गाडीवाल्याच्या म्हणण्यात काही अंशी तथ्य आहे. तरीही खरं तेच लिहा. वळण्याआधी डावा आरसा पाहायची जबाबदारी त्याची होतीच. थोडा वाटा तुमच्यावर येईल, पण दावा बुडत नाही. खोटं पकडलं गेलं तर बुडतो.

तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून, म्हणजे रस्ता मोकळा होता आणि तुम्ही थांबला नव्हतात असं धरून, मी अशिलाकडून लिहून घेतलं असतं ते साधारण असं. खुणा आणि तपशील तुमचे घाला, माझे उचलू नका.

‘मी रस्त्याच्या डाव्या कडेने, कडेपासून साधारण तीन फुटांवरून, सायकलने सरळ जात होतो. मला चौक ओलांडून सरळ पुढे जायचे होते. चौकाच्या अलीकडील बसथांब्याजवळ मी असताना माझ्यापुढे एकही वाहन नव्हते. बसथांबा ओलांडल्यावर एक पांढरी कार मागून येऊन माझ्या उजव्या बाजूने पुढे जाऊ लागली. ती माझ्यापुढे पूर्ण जाण्याआधी, तिचा डावा आरसा माझ्या हँडलच्या रेषेत असताना, ती डावीकडे वळू लागली. मला इंडिकेटर दिसला नाही व हॉर्न ऐकू आला नाही. मी दोन्ही ब्रेक दाबले. कारचा डावा आरसा माझ्या उजव्या कोपराला व पुढचा डावा दरवाजा सायकलच्या हँडलच्या उजव्या टोकाला लागला. मी डावीकडे फेकला जाऊन डाव्या खांद्यावर पडलो. कार वळणानंतर थोड्या अंतरावर थांबली.’

पाहा, यात ‘भरधाव’, ‘जोरदार’ असं विशेषण एकही नाही. पण गाडी पुढे कशी आली, कुठे लागली, तुम्ही कुठल्या अंगावर पडलात आणि हाड कुठलं मोडलं, हे एकाला एक जुळतंय. उजवीकडून ढकललेला माणूस डावीकडे पडतो, आणि तुमचं डावंच कॉलरबोन मोडलंय. ही जुळणी पंचनामा, गाडीची तपासणी आणि एक्स-रे तिन्ही ठिकाणी सापडायला हवी. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. डाव्या बाजूचा ओरखडा तुमच्या गोष्टीतही बसतो आणि गाडीवाल्याच्या गोष्टीतही. तो पुढच्या दरवाजावर किंवा आरशाजवळ असेल तर तुम्ही बरोबरीला होतात याला बळ मिळतं, आणि मागच्या दरवाजावर असेल तर त्याच्या म्हणण्याला. नुसत्या ओरखड्याने निकाल लागत नाही, म्हणून तर बसथांब्याचं वाक्य हवं.

त्यानंतर दोन-चार ओळी धडकेनंतरच्या. गाडीवाला तिथे काय बोलला, ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘सॉरी, दिसलाच नाहीत हो तुम्ही’ असं काही तो म्हणाला असेल, तर ते वाक्य आणि ते ऐकणारं कोण होतं तेही. त्याने तुम्हाला दवाखान्यात नेलं, हेही मोकळेपणाने लिहा. ते त्याचं कायद्याने कर्तव्य होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे, पण केलं तर केलं म्हणावं. मदतीला आलेल्या लोकांची नावं त्यांच्या मर्जीनेच द्या. कलम 134अ प्रमाणे अशा माणसाला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, आणि बळेच साक्षीदार केलेला माणूस उपयोगालाही येत नाही.

आता दवाखान्याचं, कारण इथे मला तुमची खरी काळजी वाटते. तुम्हाला तिथे आणलं गाडीवाल्याने. दाखल करताना ‘काय झालं?’ हे डॉक्टरांनी कोणाला विचारलं? तुम्ही वेदनेत होतात, म्हणजे बहुधा त्यालाच. एमएलसीच्या, म्हणजे दवाखाना पोलिसांसाठी करतो त्या नोंदीच्या, कागदावर ‘सायकलवरून पडून इजा’ एवढंच लिहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय. विमा कंपनी मग म्हणते, हा आपोआप पडला, गाडीचा संबंध नाही. म्हणून परवाच्या आत केसपेपरची आणि एमएलसीची नक्कल मागून वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरांना खाडाखोड करायला सांगू नका, त्याने संशय वाढतो. जबाबातच एक वाक्य घाला: मला अमुक व्यक्तीने दाखल केले, त्या वेळी मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, अपघाताची हकीकत डॉक्टरांना मी सांगितलेली नाही. अर्थात, ते खरं असेल तरच.

चार दिवस झाले याची धास्ती घेऊ नका. उशीर का झाला ते मात्र लिहा: अमुक ते अमुक तारीख दाखल होतो, अमुक तारखेला घरी आलो. जखमी माणसाने आधी उपचार घ्यायचे की चौकीत धावायचं, हे न्यायालयांना कळतं. 2011 च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलंय, की उशिरा फिर्याद दिली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. कारण न सांगितलेला उशीर मात्र महागात पडतो.

चौकीत गेल्यावर पहिला प्रश्न तुम्ही विचारा: गुन्हा दाखल झालाय का? नसेल झाला, तर तुमचं सांगणं हीच फिर्याद. ती तुम्हाला वाचून दाखवायची असते, तिच्यावर तुमची सही होते आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 154. गुन्हा आधीच दुसऱ्या कोणाच्या खबरीवरून दाखल असेल, तर तुमचा जबाब साक्षीदाराचा, कलम 180 खालचा. त्यावर सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे. लोक इथे घाबरतात, ‘माझी सही का नाही घेतली?’ पण त्यामुळेच अशा वेळी स्वतः लिहिलेला, सही केलेला कागद सोबत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. उद्या अंमलदारांनी तीन पानांचं तीन ओळींत आटोपलं, तरी तुम्ही त्या दिवशी काय सांगितलं होतं ते त्या प्रतीवर राहतं.

सही करायची असेल तेव्हा शब्द न् शब्द वाचा. हात गळ्यात आहे, घाई आहे, अंमलदार म्हणतात ‘ते नेहमीचंच आहे’, तरी वाचा. दिशा उलट लिहिली जाणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेला माणूस कागदावर सहज उलटा चालू लागतो, आणि मग तो विरुद्ध बाजूने आलेला ठरतो. एका कागदावर चौकाचं साधं रेखाचित्र काढून न्या, उत्तरेचा बाण घालून. आणि ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं वाक्य असलेल्या कशावरही सही करू नका, गाडीवाला उपचाराचा खर्च द्यायला तयार असला तरीही. त्याने खर्च दिला तर चांगलंच आहे, त्याची पावती वेगळी करा. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, म्हणजे न्याय संहितेचं कलम 125(ब). सहा महिन्यांनी खांदा पूर्ण वर जात नाही असं कळलं, तर ते वाक्य आडवं येतं.

काही राहून गेलं तर पुरवणी जबाब देता येतो. पण पुरवणीत नवी माहिती यावी, गोष्ट बदलू नये. ‘कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं’ हे चालतं. ‘आता आठवलं, इंडिकेटर दिला नव्हता’ याच्याकडे सगळे भुवया उंचावून बघतात.

चित्रणावरून आठवलं. दुकानांचे कॅमेरे काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं लिहितात, चार दिवस तर गेलेच आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आजच भेटा, आणि कुठल्या दुकानाचा कॅमेरा चौकाकडे तोंड करून आहे ते जबाबात लिहा, म्हणजे ते जप्त करायची जबाबदारी तपासी अंमलदारांवर येते. तुम्ही स्ट्राव्हा किंवा सायकलचा जीपीएस वापरत असाल तर ती फेरी पुसू नका, कापू नका, मूळ फाइल जपून ठेवा. त्यातली जागा काही मीटर इकडेतिकडे असते, तेव्हा तुम्ही कडेपासून किती फुटांवर होतात हे त्यातून निघणार नाही. पण तुम्ही थांबलेले होतात की सलग चालत आलात, हे त्यात स्पष्ट दिसतं, आणि ‘फटीत घुसला’ या म्हणण्याला तेच चांगलं उत्तर आहे.

नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असं धरूनच चाला. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. मध्ये तुमच्याकडूनही एक फॉर्म भरून घेतात. तो भरताना जबाबाची प्रत समोर ठेवा, आठवणीने भरू नका.

राहिली सायकल. हे वाचून झालं की लगेच दुकानदाराला फोन करा आणि तिला हात लावू नका म्हणून सांगा. वाकलेलं चाक आणि घासलेलं हँडल अजून तसंच असेल तर सर्व बाजूंनी फोटो काढा, हँडलच्या टोकाला गाडीचा रंग लागलाय का ते बघा आणि असेल तर पुसू नका. परवा अंमलदारांना सांगा की सायकल अमुक दुकानात आहे, पंचनामा करून घ्या. चाक बदललं गेलं असेल तर जुनं चाक दुकानातून परत आणा, भंगारात जाण्याआधी.